इंडक्शन शेगडी मध्येच का थांबते

इंडक्शनची शेगडी पूर्ण शक्तीवर नीट चालत असताना चार-पाच मिनिटांनी एकाएकी शिट्टी वाजवते, चौकटीत E हे अक्षर आणि त्यापुढे एखादा अंक उमटतो, तापणे थांबते, आणि दहा-पंधरा मिनिटे विसावा दिल्यावर तीच शेगडी पुन्हा पूर्ववत चालू लागते. असा प्रकार घरात दोन-तीनदा घडला की यंत्र निकामी झाले असा निर्वाळा सहसा कोणीतरी देऊन टाकतो आणि नव्या शेगडीची तजवीज सुरू होते. परंतु विसाव्यानंतर जी शेगडी आपण होऊन चालू लागते तिचे विद्युतभाग बहुधा शाबूत असतात. तिने केवळ एक मर्यादा ओलांडली गेल्याचे ओळखून स्वतःला थांबवलेले असते. पडद्यावरचा अंक उष्णता कोठे मोजली गेली एवढेच सांगतो. ती तेथे का साचली याचा शोध ज्याचा त्यानेच घ्यावा लागतो, आणि तो शोध घेण्याची पद्धत वाटते त्याहून बरीच सोपी आहे.

त्यासाठी आधी हे ध्यानात घेतले पाहिजे की या शेगडीत काचेखाली तापणारी तार नसते. भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आत एकदिश केला जातो आणि मग एक अर्धवाहक स्विच, ज्याला दुरुस्तीवाले आयजीबीटी म्हणतात, तो प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा तांब्याच्या चपट्या वेटोळ्यात सोडतो आणि तोडतो. बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे जवळच्या धातूत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो हे मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले होते. येथे तो प्रवाह पातेल्याच्या बुडात भोवऱ्यांसारखा फिरतो आणि बुडाच्या विरोधामुळे त्याची उष्णता होते. काच तापते ती पातेल्यामुळे, म्हणजे उलट दिशेने. म्हणूनच पातेले उचलल्याबरोबर तापणे थांबते, आणि काचेवर सांडलेले दूध गॅसच्या बर्नरवर करपते तसे करपत नाही.

मात्र सगळी वीज पातेल्यात पोचते असे नाही. दोन हजार वॅटच्या शेगडीत सुमारे दीडशे ते दोनशे वॅट यंत्राच्या आतच उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतात. काही त्या स्विचमध्ये, काही प्रवाह एकदिश करणाऱ्या भागात, काही वेटोळ्याच्या तांब्यात. जुन्या काळचे शंभर वॅटचे दोन दिवे चार बोटे उंचीच्या प्लास्टिकच्या पेटीत कोंडून पेटते ठेवावेत, तशी ही अवस्था आहे. ती उष्णता बाहेर काढण्याचे काम एकट्या पंख्याकडे असते. स्विच आणि प्रवाह एकदिश करणारा भाग अल्युमिनियमच्या पात्यांच्या एका ठोकळ्यावर घट्ट बसवलेले असतात. तळाच्या जाळीतून पंखा थंड हवा ओढतो, ती या पात्यांवरून आणि वेटोळ्याखालून फिरवतो, आणि मागच्या किंवा बाजूच्या फटींतून बाहेर लोटतो. शेगडी बंद केल्यावरही पंखा काही काळ फिरत राहतो तो याचसाठी, आणि स्वयंपाक आटोपताच भिंतीवरचे बटण बंद करण्याची जी सवय आपल्या घरांत काटकसरीपोटी रुजली आहे ती या यंत्राच्या बाबतीत सोडून देणे इष्ट आहे. कारण पंखा थांबताच ठोकळ्यातली उष्णता आजूबाजूच्या भागांत झिरपते आणि जवळची धारित्रे प्रत्येक खेपेस थोडी थोडी भाजली जातात.

आता उष्णतेवर पहारा ठेवणाऱ्या दोन साक्षीदारांकडे वळू. पहिला वेटोळ्याच्या मध्यभागी, रबरी टोपीत बसवलेला आणि काचेला खालून टेकलेला असतो. त्याने पातेल्याच्या बुडाची उष्णता काचेतून अजमावायची. दुसरा आत, पात्यांच्या ठोकळ्याला लागून, स्विचजवळ असतो. त्याने यंत्राच्या पोटातली उष्णता सांगायची. दोन्ही ठिकाणी वापरला जाणारा घटक एकाच जातीचा, थर्मिस्टर नावाचा: तापमान वाढले की त्याचा विरोध झपाट्याने उतरतो. पुष्कळ शेगड्यांत पंचवीस अंशांना एक लाख ओहम असलेला विरोध शंभर अंशांना सात हजारांच्या आसपास येतो, आणि या उतारावरून आतली चिप तापमान वाचते. कोणता अंक कोणत्या साक्षीदाराचा, हे मात्र कंपनीगणिक बदलते. एका शेगडीत E3 चा जो अर्थ तो दुसरीत मुळीच नसतो, सबब शेजाऱ्याच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. आपल्या शेगडीचे पत्रक हरवले असेल तर पुढे सांगितलेल्या पाण्याच्या परीक्षेने या दोघांतला फरक अंकावाचूनही ओळखता येतो.

एका उदाहरणाने हा शोध पायरीपायरीने पाहू. नागपुरातल्या एका परिचितांच्या घरची दोन हजार वॅटची शेगडी हिवाळाभर निर्वेध चालली आणि मे महिन्यात रोज अडू लागली. चौकटीत E5 उमटे, आणि पत्रकाप्रमाणे त्याचा अर्थ आतील भागाची अतितप्तता असा होता. घरातल्या मंडळींचा मात्र या मजकुरावर विश्वास बसेना, कारण थांबल्यावर काच हाताला चटका देई आणि यंत्राची बाजू केवळ कोमट लागे. त्यांचे म्हणणे असे की तापली आहे ती काच, तेव्हा बिघाड काचेखालच्या सेन्सरात असावा. अनुभवाच्या दृष्टीने हा तर्क स्वाभाविक होता, पण प्लास्टिकच्या कवचातून आतल्या ठोकळ्याची उष्णता हाताला कळत नाही, हे त्यात विचारात घेतलेले नव्हते.

शहानिशा अशी केली. शेगडी पूर्ण थंड असताना सपाट बुडाच्या, चुंबक घट्ट धरणाऱ्या पातेल्यात दोन लिटर पाणी घेऊन ती पूर्ण शक्तीवर चालू केली आणि घड्याळ पाहिले. दोन लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास जेवढी ऊर्जा लागते तिचा हिशेब केला, आणि दोन हजार वॅटपैकी सतराशेच्या आसपास पाण्यात पोचतात असे धरले, तर उकळी यायला सुमारे सहा मिनिटे लागावीत. शेगडी पाचव्या मिनिटाला थांबली. पाण्यावर वाफ होती, पण उकळी फुटलेली नव्हती. या एका निरीक्षणाने काचेखालच्या साक्षीदाराची सुटका झाली. कारण ज्या पातेल्यात उकळी न आलेले पाणी आहे त्याचे बूड शंभर अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही, आणि तळणासाठी बनवलेली शेगडी तेवढ्या तापमानाला हरकत घेत नाही. पाणी हा येथे घरबसल्या मिळणारा, सहसा चूक न करणारा मापक आहे, आणि म्हणूनच ही परीक्षा तेलाने किंवा रिकाम्या तव्याने करू नये. अंक बरोबर होता. उष्णता पोटातच साचत होती.

मग प्रश्न उरला हिवाळ्याचा: तोच पंखा, तीच शेगडी, आणि जानेवारीत कसलीही तक्रार नाही. याचे उत्तर साध्या बेरजेत आहे. पंखा आत घेतो ती स्वयंपाकघरातलीच हवा, आणि ठोकळा त्या हवेपेक्षा एका ठराविक अंतराने अधिक तापतो. समजा, पूर्ण शक्तीवर हे अंतर पंचावन्न अंशांचे आहे आणि यंत्राने आपली मर्यादा नव्वद अंशांवर ठेवली आहे. हिवाळ्यात वीस अंशांच्या खोलीत ठोकळा पंचाहत्तरांवर थांबेल आणि कोणाला काही कळणारही नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात ओट्यापाशी बेचाळीस अंश असताना तोच ठोकळा सत्त्याण्णवांकडे निघेल आणि वाटेत अडवला जाईल. तेव्हा ऋतू हे निमित्त होते. अंतर मुळात वाढलेले होते. पंखा स्वच्छ असताना तेच अंतर पस्तीस-चाळीसांवर राहिले असते आणि मे महिनाही निभावून गेला असता.

अंतर वाढण्याची कारणे शेगडी उलटी करताच दिसली. ओट्यावर मेणकापड अंथरलेले होते आणि शेगडीचे रबरी पाय झिजून बसके झाले होते. त्यामुळे तळाची जाळी आणि कापड यांत हवेला जेमतेम वाट उरली होती, आणि पंखा जोरात ओढू लागला की कापडाची घडी उचलली जाऊन जाळीला चिकटत असे. मागची बाजू भिंतीला टेकवलेली असल्यामुळे बाहेर पडणारी तप्त हवा भिंतीवर आदळून खाली वळे आणि पुन्हा तळातून आत येई. ओट्यावर, गॅसच्या शेगडीशेजारी, फोडणीची वाफ जिथे रोज फिरते तिथे हे यंत्र दोन वर्षे राहिलेले होते; तेलाचा बारीक थर जाळीवर आणि पंख्याच्या पात्यांवर बसला होता, त्यावर पीठ आणि धूळ धरली गेली होती, आणि पात्यांच्या कडांना राखाडी लोकरीसारखी जाड किनार आली होती. असा पंखा फिरताना दिसतो, त्याचा आवाजही येतो, आणि एवढ्यावरून तो ठीक आहे असे समजले जाते. परंतु तो हवा किती लोटतो हा प्रश्न वेगळा आहे. बाहेर पडण्याच्या फटींपाशी पातळ कागदाची पट्टी धरून पाहावी: ती ठामपणे उडत नसेल तर पंखा आपले काम करीत नाही.

साफसफाईचा तपशील महत्त्वाचा आहे, कारण येथे निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. प्लग भिंतीतून काढल्यावरही आतल्या धारित्रात तीनशे व्होल्टच्या आसपास भार काही काळ टिकून राहतो, आणि तो हळूहळू ओसरतो हे खरे असले तरी ओसरवणारा विरोध तुटलेला असल्यास मुळीच ओसरत नाही. म्हणून ज्याला भार मोजता येत नाही त्याने कवच उघडण्याच्या भानगडीत न पडता बाहेरूनच काम करावे: प्लग काढून शेगडी उभी धरावी, कोरड्या मऊ ब्रशने तळाची जाळी घासावी, आणि पोकळीला चिकटलेली धूळ व्हॅक्यूम क्लीनरच्या अरुंद तोंडाने बाहेर ओढून घ्यावी. पाणी, फवारा किंवा घासलेट यांचा वापर कोणत्याही कारणाने करू नये. दुरुस्तीवाल्याने उघडल्यावर झुरळांची अंडी वा वस्ती दिसली, पंखा हाताने फिरवताना अडखळला किंवा त्याचा दांडा डुगडुगला, तर तो बदलणेच रास्त, आणि हे त्याच्याकडूनच करवून घ्यावे. या प्रकरणी पंखा शाबूत निघाला. तो साफ झाला, मेणकापड काढले, पायांना नवे रबर लावले, भिंतीपासून वीतभर जागा सोडली, आणि त्या दुपारी दोन लिटर पाणी सहा मिनिटांत उकळून पुढे वीस मिनिटे शेगडी न थांबता चालली.

पण प्रकरण येथे संपले नाही. दुसऱ्याच दिवशी त्याच शेगडीवर, त्याच खोलीत, दुसऱ्या एका पातेल्याखाली बाराव्या मिनिटाला पुन्हा E5 आले. हे पातेले जुने, देखणे आणि जड होते. चुंबक लावून पाहिले तर काठाला हलकेच चिकटे, बुडाच्या मध्यावर घट्ट धरी, आणि मध्यापासून बोटभर बाहेर सरकताच सुटून पडे. काठाला चुंबक चिकटतो म्हणून भांडे योग्य आहे असे जे समजले जाते ते फसवे आहे: अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असलेले पोलाद मुळात चुंबकाला दाद देत नाही, पण यंत्रावर ओढून खोल आकार देताना जिथे ते सर्वाधिक ताणले जाते तिथे त्याला थोडासा चुंबकीय गुण येतो. परीक्षा नेहमी बुडाच्या मध्यावर आणि मग मध्यापासून कडेपर्यंत सरकवत करावी. या पातेल्याच्या बुडाला कारखान्याने लोहचुंबकीय चकती बसवलेली होती, परंतु तिचा व्यास बारा सेंटिमीटरच्या आसपास होता आणि काचेखालचे वेटोळे त्याहून कितीतरी रुंद होते.

अशा भांड्याचा परिणाम दुहेरी होतो. एक तर वीज पातेल्यात कमी पोचते: त्या दोन लिटर पाण्याला आता नऊ मिनिटे लागली. दुसरा परिणाम नजरेस येत नाही आणि तोच अधिक घातक आहे. चकतीबाहेरच्या वेटोळ्याचे क्षेत्र रिकामे राहिल्यामुळे तितकीच शक्ती भांड्यात घालण्यासाठी वेटोळ्यातून आणि स्विचमधून अधिक प्रवाह खेळवावा लागतो, आणि तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह सव्वापट झाला की आतली उष्णता दीडपटीहून अधिक होते. स्वच्छ पंखा हे ओझे वाहू शकत होता, परंतु बारा मिनिटेच. पुढे ठोकळा मर्यादेला पोचला. म्हणजे आदल्या दिवशी जो अंक अडलेल्या जाळीमुळे आला होता तोच आता भांड्यामुळे आला. अंक कोठे पाहावे हे सांगतो, पण कारण सांगत नाही, ही गोष्ट येथे मला सर्वांत स्पष्टपणे दिसते.

भांडे अगदीच अयोग्य असेल तर यंत्र इतके पुढे जातच नाही. शेगडी चालू होताच वेटोळ्यात एक क्षणिक झटका सोडते आणि त्यातून उठणारी कंपने किती लवकर विरतात हे मोजते. लोखंडी बुडाचे भांडे ती कंपने झपाट्याने शोषून घेते. भांडे नसेल, किंवा तांबे, पितळ, अल्युमिनियम यांचे असेल, तर कंपने बराच वेळ टिकतात आणि यंत्र भांडे नाही असे समजून शिट्टी वाजवते. म्हणूनच पूर्वीच्या अल्युमिनियमच्या कुकराला या शेगडीवर बुडाला पोलादी पत्रा जोडलेला नवा अवतार घ्यावा लागला. लोखंडात प्रवाह केवळ शतांश मिलिमीटरांच्या पातळ थरात दाटतो, अल्युमिनियमात तो अर्ध्या मिलिमीटरएवढा पसरतो, आणि पसरलेल्या प्रवाहाला विरोध कमी असल्याने उष्णताही कमी होते.

लोखंडी तव्याची मात्र गोष्ट निराळी. चुंबक त्याला उत्तम धरतो, भाकरीही उत्तम भाजली जाते, आणि तरीही दुसरी-तिसरी भाकरी होता होता शेगडी अडते व या वेळी अंक काचेखालच्या साक्षीदाराचा असतो. तव्यात पाणी नाही. त्यामुळे बुडाचे तापमान धरून ठेवणारे काही नसते आणि दोनशे अंश सहज ओलांडले जातात. त्यातून आपला परंपरागत तवा मध्यावर खोलगट, म्हणजे बाहेरून फुगीर असतो. तो काचेवर केवळ मध्यबिंदूवर, नेमका साक्षीदाराच्या डोक्यावर टेकतो, आणि कडा उचललेल्या राहतात. मध्य करपतो, कडा कच्च्या राहतात आणि यंत्र केवळ मध्यच पाहून थांबते. सपाट बुडाचा तवा आणि निम्म्याच्या आसपास शक्ती हा यावरचा इलाज आहे. ज्या भांड्याचे बूड आत वळलेले आहे त्याची उलट अडचण होते: साक्षीदाराच्या वर हवेची पोकळी राहते, त्याला बुडाची उष्णता उशिरा कळते, आणि तेलाची कढई असल्यास तेल धुरायला लागले तरी शेगडी बिनधास्त चालू राहते. अडणारी शेगडी त्रासदायक असते. न अडणारी अधिक भयावह.

साक्षीदारच खोटा झाला तर ते लगेच कळते. शेगडी रात्रभर थंड राहिलेली असून चालू केल्याबरोबर, काही तापण्यापूर्वीच अंक उमटत असेल, तर तारेची जोडणी सुटली आहे किंवा थर्मिस्टर फुटला आहे. तुटलेल्या थर्मिस्टरचा विरोध अनंत होतो, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने तो बर्फापेक्षाही थंड. जुळून गेलेल्याचा शून्य होतो, म्हणजे अतितप्त. आणि दोन्ही अवस्था असंभव असल्यामुळे कंपन्या त्यांना वेगळे अंक देतात. नवा थर्मिस्टर अल्पमोलात मिळतो, परंतु त्याच प्रतीचा बसवला पाहिजे आणि काचेशी त्याचा संपर्क उष्णता वाहणाऱ्या लेपाने पूर्ववत केला पाहिजे. काही ठिकाणी वेळ वाचवण्यासाठी त्याच्या जागी एक लाख ओहमचा साधा स्थिर विरोध जोडून दिला जातो. अंक नाहीसा होतो, गिऱ्हाईक समाधानाने पैसे चुकते करते, आणि त्या शेगडीला यापुढे काच कायम पंचवीस अंशांवर आहे असेच वाटत राहते. दुरुस्तीहून आलेल्या शेगडीचा जुना सेन्सर मागून घ्यावा आणि नवा कोणता बसवला ते विचारावे. उत्तर संदिग्ध आले तर तिच्यावर तळणीची कढई चढवू नये.